ट्रेकची ब्रीफिंग नोट: लीडर सोबत नसताना वाचता येईल अशी कशी लिहावी

बहुतेक ब्रीफिंग नोटा लीडर स्वतःसाठी लिहितो. त्याच्या डोक्यात वाट असते आणि कागदावर ‘खिंडीनंतर डावीकडे, मग ट्रॅव्हर्स, मग माथा’ एवढं असलं की त्याचं भागतं. पण ही नोट खरी लागते ती लीडर पाय मोडून बसलेला असताना, किंवा धुक्यात मागे राहिलेल्या चौघांपैकी एकानेही ती वाट आधी पाहिलेली नसताना. म्हणून प्रत्येक ओळ लिहिताना एकच कसोटी लावायची: ही ओळ ग्रुपमधल्या सगळ्यात नवख्या माणसाने एकट्याने वाचली, तर त्याला पुढचं पाऊल कळेल का?

खाली एका दिवसाच्या ट्रेकची नोट तयार करत जाऊ. वाट १३ किलोमीटरची, माणसं १४. पायथा ६४० मीटरवर आणि माथा १३९० मीटरवर आहे. वाटेत एक ओढा, एक खिंड आणि कड्याखालचा अरुंद ट्रॅव्हर्स लागतो, आणि उतरायचं दुसऱ्या बाजूने. वाट कल्पित आहे. अक्षांश-रेखांश मुद्दाम भर समुद्रातले घेतले आहेत, म्हणजे ते कुणी चुकून डोंगरावर वापरायला नको.

वेपॉइंट: किती आणि कुठे

हौशी ट्रॅकमध्ये दर शंभर पावलांवर वेपॉइंट टाकलेले असतात: ‘सुंदर झाड’, ‘फोटो पॉइंट’, ‘विश्रांती’. कागदाच्या नोटेत हे काही कामाचं नाही. वेपॉइंट तिथेच टाकायचा जिथे चूक होऊ शकते किंवा निर्णय घ्यावा लागतो. म्हणजे वाट फुटते ती जागा, पाणी ओलांडायची जागा, अवघड टप्प्याची दोन्ही टोकं, खात्रीचं पाणी, मोबाइलची रेंज मिळते ती जागा आणि गाडी पोचते तो रस्ता. आपल्या वाटेवर असे नऊ निघतात, `W00` पायथ्यापासून `W08` रस्त्यापर्यंत. यापेक्षा फार जास्त झाले तर घाईच्या वेळी कुणी वाचत नाही.

नाव आणि क्रमांक दोन्ही द्यायचे. क्रमांक फोनवर आणि एसेमेसमध्ये चालतो; नाव तोंडी बोलताना लागतं. फाइलमधला, कागदावरचा आणि ब्रीफिंगमध्ये बोललेला क्रमांक एकच हवा. कागदावर ‘पॉइंट ५’ आणि फोनमध्ये ‘ट्रॅव्हर्स एंड’ असं असेल, तर रेंज तुटत असताना पायथ्यावरच्या माणसाला ते जुळवता येणार नाही.

प्रत्येक वेपॉइंटला तीन गोष्टी लिहायच्या: तिथे काय दिसतं, पुढे कुठे जायचं आणि चुकलात तर काय दिसेल. तिसरी गोष्ट जवळजवळ कुणीच लिहीत नाही, पण तीच जास्त उपयोगाची. उदाहरणार्थ खिंडीची नोंद अशी:

`W03` खिंड. ११३० मी., पायथ्यापासून ५ किमी. दोन्ही बाजूंना उतार, मध्ये माणसाच्या उंचीचे दोन सुटे खडक. पुढची वाट दोन खडकांच्या मधून, खिंडीकडे येताना डाव्या हाताला, धार धरून वर. सलग १० मिनिटं उतरत असाल तर वाट चुकली आहे. खिंडीत परत या.

खुणा टिकाऊ हव्यात. झाडाला बांधलेली फीत, खडूचा बाण, कुणीतरी रचलेली दगडांची लगोरी यांच्यावर नोट उभी करू नका. फीत उडते आणि लगोऱ्या लोक हौसेने भलतीकडेही रचतात. ‘समोर मोठा कडा दिसतो’ हेही फसवं, कारण धुक्यात तो दिसत नाही. धुक्यात वीस पावलांवरून जे दिसतं किंवा पायाखाली जे जाणवतं, ते लिहायचं: सुटे खडक, वाटेचं वळण, चढाचा उतार होणं.

उंची दहा मीटरच्या पूर्णांकात द्या. नकाशा, फोन आणि घड्याळातला वायुदाबमापक यांचे आकडे एकमेकांशी काही मीटर ते काही दशक मीटर जुळत नाहीत. कागदावर ११३४ लिहिलं आणि फोनवर ११११ दिसलं, की नवखा माणूस आपण चुकलो असं समजून उगाच भटकतो.

आकडे कसे लिहायचे

इथे होणारी चूक शोधपथकाला सरळ दुसऱ्या डोंगरावर नेते. एकच जागा तीन प्रकारांनी लिहिता येते:

```
12.41250, 86.73200
12 24.750 N, 86 43.920 E
12 24 45.0 N, 86 43 55.2 E
```

पहिली ओळ दशांश अंशांची, दुसरी अंश आणि दशांश मिनिटांची, तिसरी अंश-मिनिट-सेकंदांची. तिन्ही खिंडीच्याच आहेत. आता कुणी दुसऱ्या ओळीतला अक्षांश घाईत `12.24750` असा टाइप केला, तर फरक ०.१६५ अंशाचा पडतो. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटरचा, म्हणजे पथक १८ किलोमीटर दक्षिणेला पोचलं. आकडा दिसायला पूर्ण खरा वाटतो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही.

म्हणून सबंध नोटेत एकच प्रकार ठेवा. दशांश अंश सगळ्यात सोपे, कारण फोनच्या नकाशात ते जसेच्या तसे टाकता येतात. दशांशानंतर पाच अंक पुरेत. पाचवा अंक म्हणजे साधारण एक मीटर, आणि फोनचा जीपीएस उघड्यावरसुद्धा काही मीटर चुकतोच. सहावा-सातवा अंक नुसता पसारा. पण तीनच अंक ठेवले तर शंभरेक मीटरचा फरक पडू शकतो, आणि अरुंद धारेवर शंभर मीटर म्हणजे कड्याखाली. तुमच्या भागातलं बचावपथक वेगळा प्रकार किंवा नकाशाचा ग्रिड वापरत असेल, तर तो फक्त तातडीच्या रकान्यात दुसऱ्या ओळीत द्या. दोन्हींचा आधार `WGS84` आहे ना ते तपासा. जुन्या छापील नकाशांचा आधार वेगळा असला की तीच संख्या शेकडो मीटर सरकते.

मराठीत नोट लिहिताना आणखी एक सापळा आहे. देवनागरी १ आणि रोमन 9 हाताने लिहिले की भावासारखे दिसतात. ७ आणि 6 यांचंही तेच. एकाच कागदावर दोन्ही लिप्यांचे अंक आले तर अंधारात, ओल्या कागदावर कोणता कोणता ते सांगणं कठीण. मजकूर खुशाल मराठीत लिहा, पण अक्षांश-रेखांश आणि फोन नंबर रोमन अंकांत, छापून, ठळक अक्षरात.

आणि फोनवर सांगताना जोडसंख्या बोलू नका. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’, ‘बावीस’ आणि ‘बत्तीस’ वाऱ्यात सारखेच ऐकू येतात. एकेक अंक सुटा: एक, दोन, दशांश, चार, एक, दोन, पाच, शून्य. समोरच्याकडून तो परत म्हणवून घ्यायचा. हे नोटेतच छापा, कारण फोन कोण करेल ते आधी ठाऊक नसतं.

फोनसाठी हीच यादी जीपीएक्स फाइलमध्ये द्यायची. एका वेपॉइंटला एवढंच लागतं:

```
<wpt lat="12.41250" lon="86.73200">
  <ele>1130</ele>
  <name>W03 KHIND</name>
</wpt>
```

इथे अक्षांश-रेखांश नावानिशी येतात, त्यामुळे उलटापालट होत नाही. केएमएल फाइलमध्ये मात्र आधी रेखांश आणि मग अक्षांश असा क्रम असतो. तिथून हाताने कागदावर उतरवताना आकडे अदलाबदल होतात, तेव्हा फाइल उघडून हाताने उतरवूच नका.

आकड्यांची तपासणी

वेपॉइंटचे आकडे नकाशावर बोट ठेवून घेऊ नका. तुम्ही किंवा अलीकडेच ती वाट चाललेल्या माणसाने जागेवर उभं राहून घेतलेलेच वापरा. मिनिटभर थांबून आकडा स्थिरावला की नोंदवायचा. घळीत किंवा कड्याला चिकटून उभं असताना उपग्रहाचा सिग्नल भिंतीवर आपटून येतो आणि जागा सरकते. तिथे चार पावलं उघड्यावर येऊन मोजा.

मग टायपिंगच्या चुका पकडायच्या. लागोपाठच्या दोन वेपॉइंटमधलं सरळ रेषेतलं अंतर चालण्याच्या अंतरापेक्षा कधीच जास्त असू शकत नाही. खिंड ते `W04` वाटेने १.१ किलोमीटर आहे. `W04` चा अक्षांश `12.41910`. त्यात दोन अंक उलटून `12.49110` झाला, तर सरळ अंतर आठ किलोमीटरच्या वर जातं आणि चूक उघडी पडते. पण उलटून `12.41190` झाला, तर अंतर अर्ध्या किलोमीटरच्या आसपास येतं आणि कसोटीतून निसटतं. म्हणून दुसरी तपासणी डोळ्यांनी. छापलेल्या कागदावरून, फाइलमधून नव्हे, प्रत्येक आकडा दुसऱ्या कुणीतरी नकाशात टाकायचा आणि खूण धारेवर पडते की दरीत ते बघायचं. नोट लिहिणाऱ्याने हे करू नये. त्याला आपला आकडा बरोबरच दिसतो.

बेल-आउट: कशासाठी, तेवढं आधी ठरवा

नोटेत नुसतं ‘बेल-आउट: खिंड’ लिहिलेलं असतं तेव्हा तो पॉइंट कशासाठी चालतो हे कुणी विचारलेलं नसतं. माघार तीन कारणांनी घ्यावी लागते: कुणी जखमी होतं, पाऊस-धुकं येतं, किंवा वेळ हुकतो. एकाच वाटेचं उत्तर तिन्हींना वेगळं येतं.

आपल्या ट्रेकमध्ये खिंडीतून परतायला दोन वाटा आहेत. आल्या वाटेने ५ किलोमीटर, किंवा दक्षिणेच्या सोंडेवरून २.४ किलोमीटर आणि ३०० मीटर उतरून कच्च्या रस्त्याला, `R01` ला. वेळ हुकला तर दोन्ही चालतील, ओळखीची वाट म्हणून आली ती जास्त बरी. पण पाऊस लागला असेल तर आल्या वाटेवर `W01` चा ओढा आडवा येतो. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दोन तासांच्या पावसात कमरेएवढा होऊ शकतो. `R01` च्या वाटेवर ओढा नाही, म्हणून पावसात तीच घ्यायची. आणि माणूस उचलून न्यायचा असेल तरीही तीच, कारण अंतर निम्म्याहून कमी आणि गाडी थेट येते. हे सगळं लिहायला तीन ओळी लागतात:

`B01` खिंडीतून `R01`. पाऊस: हीच वाट. जखमी: हीच वाट. फक्त उशीर: आल्या वाटेने, `W01` ला पाणी गुडघ्याखाली असेल तरच. सोंडेच्या माथ्यावरून चाला, दोन्ही बाजूंच्या घळींत उतरू नका. ग्रुपला दीड तास.

घळींबद्दलची सूचना प्रत्येक बेल-आउटला लागते. नकाशावर घळ ही रस्त्याकडे जाणारी सरळ रेघ दिसते, आणि घाबरलेला माणूस सरळ रेघ धरतो. पण पाणी खाली जाताना कडे टाळत नाही, त्यांच्यावरून उडी मारतं. घळीत उतरलेला माणूस धबधब्याच्या डोक्यावर येऊन अडकतो, वर चढता येत नाही, आणि तिथे रेंजही नसते. त्यामुळे कुणी चाललेली नसलेली वाट बेल-आउट म्हणून नोटेत घालायची नाही, नकाशावर कितीही सोयीची दिसो.

उलट, फसव्या वाटांची नोंद आवर्जून घालावी. माथ्यावरून उतरताना आपल्याकडे `X01` आहे: उजवीकडे रुंद, मळलेली पायवाट फुटते, ती खऱ्या वाटेपेक्षा ठसठशीत आहे आणि कड्याच्या टोकाला संपते. तिचा अक्षांश-रेखांश, ‘इथे उजवीकडे जाऊ नका’ आणि ‘झाडी संपून मोकळा उतार आला तर मागे फिरा’ एवढं पुरतं.

मग येतो तो टप्पा ज्याला माघारच नाही. `W04` ते `W05` हा ९०० मीटरचा ट्रॅव्हर्स. मध्ये खाली उतरायला जागा नाही, आणि अर्ध्याच्या पुढे गेलेल्यांना मागे फिरण्यापेक्षा पुढे जाणं सोपं. हे नोटेत स्पष्ट हवं: ‘`W04` ही मागे फिरायची शेवटची जागा. यानंतर अर्ध्या वाटेत काही झालं तर जवळच्या टोकाला जा, खाली उतरू नका.’ त्यासाठी अर्धं कुठे ते कळायला हवं, म्हणून ट्रॅव्हर्सच्या मध्यावरची एक ठळक खूण नोंदवा, कपार किंवा खडकातलं कायमचं पाणी.

`W04` ची वेळ कशी काढायची

‘उशीर झाला तर परतू’ हे वाक्य डोंगरात कधी अंमलात येत नाही, कारण उशीर कधी झाला ते कुणी ठरवलेलं नसतं. शेवटच्या माघारीच्या जागेला घड्याळाची वेळ चिकटवावी लागते, आणि ती सूर्यास्तापासून उलटी मोजून येते.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हिशेब अजून सोयीचा आहे. मेट्रिकमध्ये तो साधारण असा: सपाटीला ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. हा हिशेब सडसडीत, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे आणि उताराला वेळ धरत नाही. तीव्र उतारावर दर ३०० मीटरला १० मिनिटं वाढवतात.

`W04` पासून रस्त्यापर्यंत ६.९ किलोमीटर उरतात: ८३ मिनिटं. माथ्यापर्यंत २१० मीटर चढ: २१ मिनिटं. पलीकडे ७१० मीटरचा तीव्र उतार: २४ मिनिटं. बेरीज १२८. चौदा जणांच्या मिश्र ग्रुपला दीडपट धरा: १९२ मिनिटं. ट्रॅव्हर्सवर दोर लावून एकेक सोडायचा, माणशी चार मिनिटं, म्हणजे ५६ मिनिटं. ही वेळ कोणत्याही सूत्रात येत नाही आणि ट्रेक हमखास इथेच घसरतात. माथ्यावर अर्धा तास. एकूण ४ तास ३८ मिनिटं.

सूर्यास्त संध्याकाळी ६ वाजता असेल तर रस्त्यावर ६ ला पोचायचा बेत करू नका. ४ ला पोचायचा करा, मधले दोन तास एखादा पाय मुरगळला तर त्यासाठी. ४ मधून ४ तास ३८ मिनिटं मागे गेलं की ११ वाजून २२ मिनिटं. नोटेत लिहायचं: ‘११:१५ नंतर `W04` ओलांडायचा नाही.’ ठरल्याप्रमाणे सकाळी ६ ला निघून हा ग्रुप साडेनऊच्या सुमारास तिथे पोचतो, म्हणजे पावणेदोन तासांची सवड आहे. ती सवड संपली तर सकाळपासून काहीतरी बिनसलेलंच आहे.

ही वेळ सगळ्यांना माहीत असण्यात एक फायदा आहे. ११:२० ला ‘अजून दहा मिनिटांत होईल’ म्हणणारा लीडर असतोच. ग्रुपमधल्या कुणाच्याही हातातला कागद तेव्हा त्याला थांबवू शकतो.

माणसांची अटही याच ओळीत येते. कुणी `B01` ने उतरलं तर त्यांच्यासोबत वाट माहीत असलेला एक हवा. मग उरलेल्यांत दोर हाताळू शकणारे दोन जण राहत नसतील, तर बाकीच्यांनीही ट्रॅव्हर्स करायचा नाही. खाली पोचलेल्यांनी `R01` वरून मेसेज टाकल्याशिवाय त्यांची माघार पूर्ण झाली असं धरू नका.

तातडीचा रकाना

नोटेच्या मागच्या पानाचा वरचा अर्धा भाग याला द्या. तीन प्रकारचे आकडे वेगवेगळे हवेत, आणि ते एकत्र कालवले जातात. एक, अपघाताची जागा: ती आधी माहीत नसते, ती फोनवरून वाचायची. दोन, पथक गाडीने जिथे पोचू शकतं ते रस्त्याचं टोक. तीन, रेंज मिळते ती जागा. पथकाला फक्त पहिला आकडा दिला तर ते नकाशावरच्या सगळ्यात जवळच्या रस्त्याकडून निघतं, आणि तो रस्ता दरीच्या पलीकडचा असू शकतो.

```
R01  12.39820, 86.72450  road end, from W03
W08  road end, from W05 onward
SIG  W03 12.41250, 86.73200
```

छापताना `W08` चे आकडेही इथे पुन्हा द्या, ‘पुढचं पान पाहा’ नको. रेंजच्या जागेला कोणत्या कंपनीची रेंज ते लिहा. आणि हेही की, आपल्या सिमला रेंज नसली तरी ११२ लावून पाहा. बहुतेक मोबाइल जाळ्यांत तो तातडीचा क्रमांक म्हणून दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही जाऊ शकतो. मात्र स्थानिक बचावपथकाचा क्रमांक वेगळा असेल तर तो आधी, कारण तिथे डोंगर माहीत असलेला माणूस बोलतो.

कॉल लागत नाही तिथे एसेमेस पुष्कळदा निसटतो, त्याला क्षणभराची रेंज पुरते. पण मराठीत किंवा कुठल्याही देवनागरी अक्षरात लिहिला की एका एसेमेसमध्ये १६० ऐवजी ७० अक्षरंच मावतात. पुढचा मजकूर तुकड्यांत जातो आणि एक तुकडा अडकला तर सगळा मेसेज लटकतो. अंशाचं ते छोटं वर्तुळ, `°`, एसेमेसच्या मूळ अक्षरसंचात नाही. ते एक टाकलं तरी मेसेज ७० वर येऊ शकतो. म्हणून मेसेजचा साचा नोटेतच रोमन अक्षरांत छापून द्या आणि आकडे साधे लिहा:

```
HELP 1 INJ LEG. 12.42210,86.73700
BETWEEN W04-W05. 14 PPL. 1035H
NEED STRETCHER VIA W08. BAT 60
```

हा सव्वाशे अक्षरांच्या आत बसतो. दुखापत, जागा, कोणत्या दोन वेपॉइंटमध्ये, किती माणसं, वेळ, काय हवं, फोनची बॅटरी. ‘कोणत्या दोन वेपॉइंटमध्ये’ हे आकड्याचा पडताळा म्हणून आहे: आकडा चुकला तर दोन्ही जुळणार नाहीत आणि वाचणारा परत विचारेल. मेसेज पायथ्याच्या संपर्काला जातो. तातडीचे क्रमांक एसेमेस घेतात की नाही हे ठिकाणागणिक वेगळं असतं.

आकडा वाचायला जीपीएसला नेटवर्क लागत नाही, विमान मोडमध्येही तो चालतो. पण नेटवर्कशिवाय पहिल्यांदा जागा मिळायला काही मिनिटं लागू शकतात. ‘आकाश उघडं दिसेल असं उभं राहा, फोन सपाट धरा, पाच मिनिटं थांबा’ ही ओळ नसेल तर लोक अर्ध्या मिनिटात ‘जीपीएस चालत नाही’ म्हणून फोन खिशात घालतात.

उरलेल्या दोन ओळी. जखमीसोबत एक जण राहील, मदत आणायला दोघं जातील, एकटं कुणीही नाही. आणि वाट चुकलेल्या एकट्यासाठी: खात्रीचा शेवटचा वेपॉइंट दहा मिनिटांत मागे सापडला तर तिथे जा, नाही तर आहे तिथेच बसा. शिट्टी मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं. शांततेचं मिनिट पाळायलाच हवं, त्यातच उत्तर ऐकू येतं.

आजार, औषधं, रक्तगट, घरचे नंबर हे सगळ्यांच्या प्रतीवर छापू नका. लीडर आणि शेवटून चालणारा यांच्याकडे बंद पाकिटात ते असतं. सगळ्यांच्या प्रतीवर फक्त ‘पाकीट कुणाच्या सॅकच्या कोणत्या कप्प्यात’ एवढं. लीडर निकामी झाला तर पुढे कोण आणि त्याच्यानंतर कोण, ही नावं मात्र सगळ्यांना हवीत.

छपाई आणि ब्रीफिंग

ए-फाइव्ह आकार, दोन्ही बाजू, लेझर छपाई. इंकजेटची शाई पहिल्या सरीत पसरते. अक्षर चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं मोठं. मावत नसेल तर मजकूर कापा, अक्षर लहान करू नका. झिपच्या पिशवीत, माणशी एक. जोडप्याला एक, मित्रांना एक असं नाही, कारण चुकतो तो नेमका पिशवी नसलेला.

पायथ्यावर नोट वाचून दाखवण्यात अर्थ नाही, सगळे मान डोलावतात. त्याऐवजी प्रत्येकाला फोन विमान मोडवर टाकायला सांगा, ऑफलाइन नकाशा उघडून `R01` चा आकडा कागदावरून टाइप करायला लावा. ज्याची खूण भलतीकडे पडली त्याने नकाशा उतरवलेला नाही, त्याचा आकडा चुकला आहे किंवा मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंक पडले आहेत. तिन्ही गोष्टी इथे दोन मिनिटांत सुटतात. मग कुणालाही विचारा: ‘ट्रॅव्हर्सच्या मध्यावर पाऊस आला, काय कराल?’ उत्तर कागदात शोधायला वेळ लागला तर मांडणीत दोष आहे, माणसात नाही.

एक प्रत डोंगरावर न येणाऱ्या माणसाकडे ठेवायची. त्याच्या प्रतीवर दोन वेळा जास्तीच्या: ६:३० पर्यंत मेसेज आला नाही तर सगळ्यांना फोन लावायला सुरुवात, ८ वाजेपर्यंत कुणाशीच बोलणं झालं नाही तर बचावपथकाला कळवायचं, आणि ते कळवताना सुरुवात `W04` ची वेळ ओलांडल्याचा मेसेज आला होता की नाही इथून करायची. त्यावरून पथकाला ग्रुप ट्रॅव्हर्सच्या अलीकडे शोधायचा की पलीकडे ते ठरवता येतं. `W04` वर रेंज नसेल तर हा मेसेज खिंडीतून, निघतानाच टाकायचा. रस्त्यावर पोचल्यावर डोकी मोजून झाली की ‘१४ पैकी १४ बाहेर’ असा मेसेज लीडरने स्वतः टाकायचा, गाडीत बसायच्या आधी. तो राहून गेला तर रात्री ८ ला पथक रिकाम्या डोंगराकडे निघतं.